टी-शर्ट एम, हूडी मात्र एस

*ताई, मी धोपाव्याला राहते आणि नोकरीला दापोलीला जाते. सकाळी फेरीबोटीत स्कूटी चढवायची, दाभोळला उतरायचं आणि पुढे रस्त्याने. थंडीत कुर्तीवर हूडी लागतेच. बायकांच्या हूड्या पातळ असतात, खिसेही नावापुरते, म्हणून मी पुरुषांच्यातलंच किंवा ‘युनिसेक्स’ लिहिलेलं घेते. पण टी-शर्ट एल घेतला तर खांदे दंडावर येतात, एस घेतला तर सीटवर, म्हणजे नितंबांवर अडकतो. हूडी एम घेतली, तर बाह्या बोटं झाकतात आणि खालची पट्टी वर चढून पोटाशी फुगा होतो. सगळ्या म्हणतात, ‘पुरुषांचं घेताना एक नंबर कमी घे.’ मी नेमकं काय घेऊ? उंची ५ फूट २ इंच, छाती ३६, सीट ४०, खांदा १४, हात खांद्यापासून मनगटापर्यंत २२. दुकानाचा तक्ता सोबत पाठवतेय. — एक वाचक, धोपावे*

टी-शर्ट एम घे आणि हूडी एस. दोन्हींना एकच अक्षर लावायला गेलीस की एक तरी बिघडणार. एम टी-शर्टला खाली दोन्ही बाजूंनी कट द्यावा लागेल आणि एस हूडीच्या बाह्या कमी कराव्या लागतील. दोन्ही कामं गावातल्या शिलाईवालीकडे होण्यासारखी आहेत. आता हे कसं निघालं ते सांगते, म्हणजे पुढच्या वेळी दुसऱ्या दुकानाचा तक्ता समोर आला तरी तुझं तुला ठरवता येईल.

मापं तू नीट घेतली आहेस, तरी खांदा एकदा परत बघ. तो कुर्तीवरून मोजला असशील तर उपयोगाचा नाही, कारण कुर्तीचा खांदा आपण मुद्दाम जरा आत घेतो. मान खाली घालून पाठीवरून मोजायला सांग, एका खांद्याच्या टोकाच्या हाडापासून दुसऱ्या खांद्याच्या हाडापर्यंत. तू १४ लिहिलं आहेस, तुझ्या उंचीला ते पटण्यासारखं आहे, म्हणून तेच धरते.

तुझ्या तक्त्यात टी-शर्ट असा आहे: एसची छाती ३८, खांदा १६, उंची २७. एमची छाती ४०, खांदा १७, उंची २८. एलची छाती ४२, खांदा १८, उंची २९. ही मापं कपड्याची आहेत, अंगाची नाहीत, हे आधी लक्षात घे. ओळखायचं कसं? तक्त्यात कपड्याची उंची दिलेली असली की तो कपड्याचा तक्ता. अंगाला ‘टी-शर्टची उंची’ असं काही माप नसतं. उलट नुसतं ‘छाती ३८ ते ४०’ असं दोन आकड्यांत लिहिलेलं असेल, तर ते बहुतेक घालणाऱ्याच्या अंगाचं असतं आणि कपडा त्याहून तीन-चार इंच मोठा निघतो. हा फरक न बघितल्यामुळेच पुष्कळ पार्सलं परत जातात. कपड्याच्या मापातही अर्धा इंच इकडेतिकडे होतो, ते धरूनच चालायचं.

युनिसेक्स लिहिलेला टी-शर्ट बहुतेक वेळा पुरुषांच्याच पॅटर्नवर कापलेला असतो. तो छातीपासून खालपर्यंत सरळ उतरतो, म्हणजे छाती ४० असेल तर खालचा घेरही ४०च. आपल्या कुर्तीला छातीनंतर कमरेला आत घेतो आणि सीटला परत बाहेर सोडतो, शिवाय बाजूला कट असतो. टी-शर्टमध्ये यातलं काहीच नाही. आणि तुझी सीट छातीपेक्षा ४ इंचांनी जास्त आहे. म्हणजे छाती ३६ बघून नंबर काढलास की तो छातीला बसणार आणि सीटला अडणार. होजिअरीचं कापड ताणलं जातं, त्यामुळे एस तुझ्या अंगात जातोही, पण ३८चा घेर ४०च्या सीटवर थांबत नाही. तू चाललीस की तो हळूहळू वर सरकतो आणि कमरेशी आडव्या घड्या जमतात. आरशात घड्या दिसल्या की आपल्याला वाटतं उंची जास्त झाली. प्रत्यक्षात घेर कमी पडलेला असतो.

तर सीट सांगते की मोठा घे. खांदा बरोबर उलटं सांगतो. तुझा खांदा १४ आणि एसचा १६, म्हणजे शिवण दोन्हीकडे एकेक इंच खाली. एमला दीड इंच आणि एलला दोन इंच. साध्या टी-शर्टमध्ये मी दीड इंचापर्यंत चालवून घेते. तेवढ्याने कपडा जरा सैल दिसतो, बाही कोपराच्या थोडी वर थांबते, बास. त्यापुढे गेलं की नुसतं दिसायला वाईट असं नाही, हात हलवायलाही त्रास होतो. खांद्याची शिवण दंडावर उतरली की तिच्याबरोबर मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो काखेचा गोल भागही खाली उतरतो. मग हात वर केलास की बाही एकटी वर जात नाही, सगळा टी-शर्टच वर ओढला जातो. तुझ्याकडचा एल घालून फळीवरचा डबा काढून बघ. पाठ उघडी पडेल आणि काखेखाली तिरपी चुणी येईल. कपडा मोठा असून तोकडा वाटतो, त्याचं कारण मुंढा आहे.

हे मी स्वतः पैसे घालवून शिकले. आमच्या वाडीतल्या बायकांच्या कबड्डी संघासाठी मी पुरुषांच्या मापातले १२ टी-शर्ट मागवले होते, आणि सगळ्यांना एकेक नंबर कमी घेतला. छापून आले. खांदे छान बसले. पण ज्यांची सीट भरलेली होती त्यांचे टी-शर्ट पहिल्याच डावात कमरेपर्यंत गुंडाळले गेले आणि बायका खेळायचं सोडून खाली ओढत बसल्या. नावं छापलेली, म्हणून परत घ्यायला दुकान तयार होईना. मग एका रात्रीत बाराही टी-शर्टच्या बाजू खालून ३ इंच उसवून कट काढले, तेव्हा कुठे ते घालण्याजोगे झाले. ‘एक नंबर कमी’ हा सल्ला खांद्यापुरता बरोबर आहे. जिची सीट आणि छाती सारखी आहे, तिला तो चालून जातो. तुझ्यासारख्या बांध्याला नाही.

म्हणून एम. छाती ४०, म्हणजे तुझ्या छातीला ४ इंच सैल. खांदा दीड इंच खाली, चालेल अशा हद्दीत. घेर ४० आणि सीट ४०, इथे मात्र घट्ट बसणार, आणि तिथेच कट कामाला येतो.

कट किती खोल द्यायचा हे उंचीवरून ठरतं. मान आणि खांदा जिथे मिळतात तिथे टेप लाव, छातीवरून सरळ खाली आण आणि सीट जिथे सगळ्यात रुंद आहे तिथे थांब. तुझ्या उंचीला हे अंतर २४ इंचांच्या आसपास येईल, पण तू मोजूनच बघ. एमची उंची २८, म्हणजे खालचे ४ इंच सीटच्या रुंद भागाखाली लोंबतात. पुढचा आणि मागचा भाग सुटा करायचा तो एवढाच. एकदा धुतल्यावर सुती होजिअरी उंचीला आटते, २८ला जवळजवळ इंचभर जाऊ शकतो. म्हणून आधी धू, वाळव, मग मोज. उंची २७ राहिली तर ३ इंचांचा कट पुरे. न धुता कापलंस तर कट वर चढेल आणि बाजूने आतलं दिसेल.

शिलाईवालीकडे देताना दोन गोष्टी बघ. टी-शर्टच्या बाजूला शिवण आहे का? बरेच साधे टी-शर्ट नळीसारख्या विणलेल्या कापडाचे असतात, त्यांना बाजूची शिवणच नसते. शिवण असेल तर ती खालून उसवली की काम झालं. नसेल तर काखेच्या मध्यापासून सरळ खाली खूण करून कापावं लागतं, आणि कटाच्या टोकाला आतून छोटी पट्टी लावून घे, नाहीतर तिथून फाटत जातं. दुसरं म्हणजे टाका. ताणणाऱ्या कापडावर साधी सरळ शिलाई मारली की पहिल्यांदा डोक्यातून काढतानाच दोरा तुटतो. तिला झिगझॅग मारायला सांग, किंवा तिच्याकडे जोड सुई असेल तर ती. फ्लॅटलॉक मशीन लहान गावात क्वचितच मिळतं, त्यासाठी अडून बसू नकोस.

तुझ्याकडे पडलेला एस टाकू नकोस. तो २३ इंचांवर कापून घे. मग तो सीटच्या रुंद भागापर्यंत पोचणारच नाही, आणि जिथे पोचत नाही तिथे अडणारही नाही. खांदा एकच इंच खाली असल्याने तोच तुला सगळ्यात नेटका बसेल. फक्त जीन्स उंच कमरेची लागेल, नाहीतर हात वर केल्यावर पोट दिसेल. एलचं मात्र मी काही करणार नाही. बाजूने आत घेता येतो, पण त्याने छाती आवळते, खांदा तिथेच राहतो. खांदा कमी करायचा तर बाही पूर्ण काढून मुंढा नव्याने कापायला हवा आणि बाहीचा डोकाही त्याच्याशी जुळवायला हवा. टी-शर्टच्या किमतीत ते बसत नाही. घरात वापर.

हल्ली ‘ओव्हरसाइज्ड’ म्हणून जे मिळतात, त्यांना वरचा दीड इंचाचा हिशेब लावू नकोस. त्यांचा खांदा मुद्दामच दंडावर उतरवलेला असतो, मुंढा मोठा आणि बाही रुंद कापलेली असते, म्हणून हात अडत नाही. तिथे खांदा आणि बाही एकत्र मोजायची. समज खांदा २० आणि बाही ९ आहे. अर्धा खांदा १० आणि बाही ९, मिळून मानेच्या मध्यापासून १९ इंच. तुझ्या मानेच्या मध्यापासून कोपरापर्यंत किती येतं ते बघ. बाही कोपरावर किंवा त्याच्या वर थांबत असेल तर घे, खाली गेली तर सोड. अशा टी-शर्टचा एसमध्येसुद्धा घेर ४४ असला तर तुझी सीट त्यात आरामात जाते आणि कट द्यायची गरजच राहत नाही. तुझ्या बांध्याला मला हा प्रकार आवडतो, फक्त उंची २७च्या पुढे नको, नाहीतर तू त्यात बुडशील.

आता हूडी. तक्त्यात एसची छाती ४२, खांदा १८, बाही २४, उंची २६ आहे. एमची छाती ४४, खांदा २०, बाही २४, उंची २७. हूडी आत काहीतरी घालून वर चढवायची असते, म्हणून तिच्यात सैलपणा मुळातच धरलेला असतो. तुझ्या ३६ला एसमध्येच ६ इंच जास्त मिळतात. आत कुर्ती घातलीस तरी पुरे. एमला ८ इंच होतात, ते तुला नको आहेत.

बाही मोजताना फक्त २४ आणि २२ असं समोरासमोर ठेवलंस तर वाटेल दोनच इंच जास्त आहे. पण बाही सुरू कुठून होते? एमची बाही तुझ्या खांद्याच्या ३ इंच खाली सुरू होते. म्हणून इथेही मानेच्या मध्यापासून मनगटापर्यंत मोजायचं. तुझं अर्धा खांदा ७ आणि हात २२, एकूण २९. एम हूडीचं १० आणि २४, एकूण ३४. म्हणजे ५ इंच जास्त, आणि तुझी बोटं झाकली गेली ती यामुळे. एसचं ९ आणि २४, एकूण ३३, तरी ४ इंच जास्तच. स्कूटीवर हात पुढे नेलेस की पाठीवरून साधारण इंच-दीड इंच खेचला जातो, त्यामुळे २ इंच जास्त असलेले बरे. उरलेले २ इंच कमी कर. मनगटाची रिब, म्हणजे ती ताणणारी पट्टी, उसवायची, बाही तेवढी कापायची आणि तीच रिब परत लावायची. वर कापल्यामुळे बाहीचं तोंड थोडं रुंद होतं, ते रिब ताणून त्यात बसवता येतं. हे काम करूनच घे. अॅक्सिलरेटरच्या मुठीत कापड आलं तर ब्रेक दाबताना हात सटकतो, आणि दाभोळच्या धक्क्यावरून वर येताना ते मला नको आहे.

फुग्याचं कारण खालची रिब. ती पुरुषांच्या सरळ नितंबांना धरून बसवलेली असते आणि छातीपेक्षा बरीच घट्ट असते. एस हूडी २६ लांब आहे आणि तुझी सीट २४वर रुंद आहे, म्हणजे रिब नेमकी रुंद भागाच्या खाली येते. बसलीस, उठलीस की ती वर सरकून कमरेवर बसते आणि वरचं जादा कापड पोटाशी साठतं. एम घेऊन हे सुटत नाही हे तू बघितलंच आहेस. आत कुर्ती असली की आणखी वाईट, कारण रिब कुर्तीलाही गोळा करून वर नेते.

यावर तीन वाटा आहेत. चेनवाली हूडी घेतलीस तर बसताना खालची चेन थोडी उघडी ठेवता येते आणि रिब सीटला आवळत नाही. कुर्तीवर घालायची असेल तर मी हीच सांगेन. नाहीतर खाली रिब नसलेली, साधी दुमड आणि कट असलेली हूडी शोध. आणि डोक्यातून घालायचीच हवी असेल, तर दुकानात ती टेबलावर सपाट ठेव, रिब दोन्ही हातांनी हलकी ओढ आणि टेप लाव. जोर न लावता, सहज ओढून २० इंच होत असेल तर दोन्ही बाजू मिळून तुझी ४०ची सीट जाईल. जोर लावावा लागला तर नको. सोडल्यावर रिब लगेच पूर्वीसारखी झाली पाहिजे हेही बघ. लाटांसारखी पडून राहिली तर दोन महिन्यांत ती लोंबेल.

खांद्याचा प्रश्नच नको असेल तर रॅगलन बाहीची हूडी बघ, जिची शिवण काखेतून तिरपी गळ्यापर्यंत जाते. तिला खांद्याची शिवणच नसते, त्यामुळे १४च्या खांद्यावर ती दंडावर उतरल्यासारखी दिसत नाही. तक्त्यात तिची बाही गळ्यापासून मोजलेली असेल, म्हणजे आकडा मोठा दिसेल, ३० वगैरे. घाबरू नकोस. तुझं मापही गळ्याच्या कडेपासून मनगटापर्यंत घे आणि मग त्याच्याशी ताड.

कापडाचं एवढंच सांगते की दापोलीच्या डिसेंबरला आतून लव काढलेला जाड फ्लीस लागत नाही. आतून लहान लहान फासे दिसतात ते लूपनिट कापड घे. आपल्याकडच्या दमट हवेत ते लवकर वाळतं, फ्लीस दोन दिवस ओला राहतो आणि कुबट वास धरतो. ओली हूडी खांद्याने हँगरवर टांगू नकोस. पाण्याच्या वजनाने बाह्या आणि उंची दोन्ही वाढतात, आणि आत्ता केलेला सगळा हिशेब इंचभर चुकतो. दोरीवर मधोमध घडी करून टाक, बाह्याही दोरीवरच घे.

पार्सल आलं की लेबल लगेच तोडू नकोस. हूडी कुर्तीवर घाल, अंगणात स्कूटी स्टँडवर लावून तिच्यावर बस, दोन्ही मुठी धर आणि मान वळवून मागे बघ. पाठीची कड नितंबांखाली दबून राहिली, काखेत ओढ लागली नाही आणि गळा मागे सरकून पुढून घशाला टेकला नाही, तर ठेव. बाही हातावर येत असेल तर ती तशी येणारच, ती कापायची आहे. मात्र काखेत ओढ लागली किंवा रिब नितंब सोडून वर गेली, तर त्याच दिवशी परत पाठव. त्या दोन गोष्टी कुठलीही शिलाईवाली नीट करून देणार नाही.